पिवळ्या ओळी

समोर माणसं असली की जीवनचा घसा कोरडा पडायचा. फोन वाजला तरी तो आधी वाजू द्यायचा, थांबल्यावर हळूच पाहायचा कुणाचा होता ते. मात्र बीडच्या त्या छोट्या संस्थेतली मागची खोली, तिथलं दार लावून घेतल्यावर उरणारी शांतता आणि टेबलावरचा माइक, एवढं त्याला मिळालं की त्याचा आवाज मोकळा होई. माइक प्रश्न विचारत नाही, मध्येच तोडत नाही, डोळ्यांत पाहत नाही. ऐकणारे पुढे कधीतरी, कुठंतरी ऐकणार. त्या 'कधीतरी'च्या आडोशाला जीवन निवांत बोलायचा.

ही संस्था ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या आरोग्यासाठी काम करायची. मंजुषाताई ती चालवायच्या. दसरा झाल्यावर त्यांनी डॉ. सत्यशीला यांचं एक वेबिनार ठेवलं होतं: फडात साप चावला तर काय करायचं. लिंबागणेश, नेकनूर आणि आसपासच्या गावांतल्या बायाबापड्या एकेका मोबाइलभोवती गोळा होऊन बसल्या होत्या. पण ऊसतोडीच्या कितीतरी टोळ्यांच्या गाड्या तोवर निघूनही गेल्या होत्या. जीवनची थोरली बहीण मंगल आणि तिचा नवरा अजिनाथ त्यांच्यातच. अशांसाठी मंजुषाताईंनी ठरवलं की याच वेबिनारचं रेकॉर्डिंग करून मुकादमांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं. त्या संध्याकाळचा मूळ आवाज मात्र नेटवर्कमुळे जागोजागी फाटला होता. तेव्हा डॉक्टरांच्या स्लाइड्स तशाच ठेवून बोलणं नव्याने लिहायचं आणि जीवनने ते वाचायचं, असं ठरलं.

काम त्याच्या आवडीचं होतं. डॉक्टरांचं सगळं बोलणं त्याने कागदावर उतरवून घेतलं आणि जे जे फक्त त्या संध्याकाळचं होतं त्याला पिवळा रंग दिला. 'आवाज येतोय का? येत असेल तर चॅटमध्ये होय लिहा,' पिवळं. 'आठला आपण थांबू,' पिवळं. 'पुढच्या आठवड्यात तुमच्या गाड्या भरतील,' हे वाक्य त्याने 'फडावर पोचल्यावर' असं फिरवलं. 'मदतीचा नंबर आत्ता चॅटमध्ये टाकलाय,' इथं तो थांबला. रेकॉर्डिंग पाहणाऱ्यापुढे चॅट असणारच नाही; नुसती ओळ काढली तर नंबरही जाईल. म्हणून त्याने नंबर स्लाइडवर मोठ्या अक्षरांत घेतला आणि बोलण्यात दोनदा घातला. मंजुषाताईंनी तेवढ्यावर त्याची पाठ थोपटली होती. "नुसती कात्री चालवणं सोपं असतं रे. गेलेल्या ओळीत काय काम होतं ते बघावं लागतं."

हे वाक्य त्याला पुढे फार आठवणार होतं.

व्हिडिओ ग्रुपवर जाऊन आठवडा उलटला होता. त्या सकाळी तो ऑफिसात एकटाच होता. मंजुषाताई अजून यायच्या होत्या. गॅसवर चहा ठेवून तो खिडकीशी उभा होता. समोरच्या टपरीवाल्याने नुकतीच फळी पुसली होती आणि ओल्या लाकडावर ऊन चकाकत होतं. फोन वाजला. पडद्यावर 'अक्का' हे नाव पाहून त्याने लगेच उचलला. मंगलपुढे त्याला कधी लाजायला झालं नव्हतं.

"जीवन, ऐकू येतंय का?" तिच्या मागे ट्रॅक्टरची धडधड होती. "आत्याबाईला चावलं रे. चुलीला पाचट ओढाया गेलत्या, त्या ढिगात व्हतं. म्या बघितलं न्हाई, अजिनाथनी बघितलं. जाड व्हतं म्हणतात, अंगावर साखळीवानी ठिपके."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, बायनाबाई. टोळीच्या कोप्यांत, त्या पाचटाच्या झोपड्यांत, स्वयंपाक आणि लेकरं सांभाळणारी, भेटला की जीवनच्या डोक्यावरून हात फिरवून 'पोरगं बोलतं कमी आन् बघतं लई' म्हणणारी.

"दवाखान्यात निघालात का?" त्याने विचारलं.

"निघालो की. ट्रालीत हाय आमी. नंबरला लावलता तुमच्या त्या, त्यांनी दवाखाना सांगितला, इंजेक्शन हाय म्हणले तिथं." आणि मग तिच्या आवाजात जरा धीर, जरा अभिमानही आला. "तू घाबरू नको. तू सांगितलं तसंच केलंय. अजिनाथनी व्हिडिओ बघून त्याच दिशी परत्येक कोपीत दोरी लटकावून ठिवली व्हती. चावल्या चावल्या बांधली. लई घट्ट. आता पुढं काय करू? दोरी कवर ठिवायची?"

जीवनला आधी काही कळलंच नाही. "कसली दोरी, अक्का?"

"आरं बांधायची! पाय आवळाया. तूच म्हणलास न्हवं, पहिली गोष्ट म्हणून?"

गॅसवरचा चहा उतू गेला, विझलेल्या ज्योतीचा वास आला. त्याने बटण बंद केलं ते हातानेच केलं. मन तिथं नव्हतं. "मी असं म्हटलं नाही," तो म्हणाला.

"आता गं बया," मंगल म्हणाली. "तुझाच आवाज हाय त्यो. सगळ्या टोळीनं ऐकलाय, लेकरं नक्कल करतेत तुझी. थांब, नेट..."

फोन तुटला.

व्हिडिओ त्याच्याच फोनमध्ये होता. त्याने तो लावला आणि पुढे सरकवला. स्वतःचाच आवाज, शांत, समजावणीचा, रात्री लेकराला थोपटावं तसा: 'साप चावला की पहिली गोष्ट. चावल्याच्या वरच्या बाजूला दोरीनं घट्ट आवळून बांधायचं. दुसरी गोष्ट. माणसाला चालू द्यायचं नाही...'

त्याने पुन्हा लावलं. शब्द बदलले नाहीत.

मग त्याला सारं आठवलं, आणि आठवू नये तितकं लख्ख आठवलं. डॉक्टरांनी त्या संध्याकाळी मुद्दाम लोकांच्या मनातलंच आधी बोलून दाखवलं होतं: पहिली गोष्ट, दोरीनं घट्ट आवळून बांधायचं, असं किती जण करता? पोलमध्ये होय किंवा नाही दाबा. पडद्यावर 'होय'ची पट्टी सरसर लांबली होती. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, 'बघा, बहुतेकांनी होय दाबलं, आणि इथंच आपण चुकतो. ज्यांनी होय दाबलं त्यांना हात जोडून सांगते, आवळू नका. रक्त अडतं, विष एका जागी साचतं, पाय जायची वेळ येते.' पोल आला, निकाल आला, निकालावरचं बोलणं आलं. 'असं किती जण करता?'पासून पुढचं हे सगळं जीवनच्या कागदावर पिवळं झालं होतं. डॉक्टरांनी मसुदा तपासताना समासात लिहिलंही होतं: पोल काढ, प्रश्न ठेव, 'मनातल्या मनात उत्तर द्या' म्हण, जरा थांब, मग उत्तर सांग. एवढ्या बदलासह त्यांनी मसुदा मंजूर केला.

पण वाचायला बसल्यावर त्या थांबण्याचीच त्याला धास्ती वाटली. ऐकणाऱ्यासमोर मुद्दाम गप्प बसायचं, आणि समोर कुणी नसताना कुणाचं तरी उत्तर ऐकल्यासारखं करायचं! निकाल नाही तर 'बहुतेकांनी होय दाबलं'चं काय करायचं? विचारावं म्हणून त्याने डॉक्टरांचा नंबर काढला, आणि वाजायच्या आतच कट केला. एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना कशाला त्रास? त्याने पिवळ्या होत्या तेवढ्या सगळ्या ओळी काढल्या. उरलेलं वाचून पाहिलं, ते गुळगुळीत वाटलं. 'आत्ता', 'आज', 'चॅट', 'पोल' या शब्दांची कुठं खूण राहिली नाही ना, एवढंच तो पाहत होता. गाळलेलं वाक्य त्याला इतकं पाठ होतं की कानाने ते आपोआप भरून घेतलं. मंजुषाताईंनी सुरुवात पाहिली, शेवटचा नंबर पाहिला, आणि व्हिडिओ गेला.

त्याने बहिणीला लावलं. संपर्क होऊ शकत नाही. अजिनाथला लावलं, बंद. पुन्हा अक्काला. फोनमधली ती अनोळखी बाई तेच तेच सांगत राहिली. तीही कुणीतरी कधीतरी दार लावून रेकॉर्ड केलेलीच.

दोरी कवर ठिवायची? उत्तर 'लगेच सोडा' असंच असणार, असं त्याच्या ओठावर आलं होतं. फोन लागला असता तर तो तसं बोलूनही गेला असता. पण मनात काहीतरी अडलं. ही गोष्ट त्या संध्याकाळी कुणीतरी विचारली होती. त्याने घाईघाईने जुना कागद उघडला, पिवळ्याने भरलेला, जो फाडून टाकायचा राहून गेला होता म्हणूनच अजून होता. चॅटमधल्या प्रश्नांची उत्तरं. 'नेकनूरचे शिवशंकर विचारतायत, आधीच कुणी बांधलं असेल तर? छान विचारलंत शिवशंकर. झटक्यात सोडायचं नाही. अडलेलं विष एकदम अंगात जाऊ शकतं. डॉक्टरांसमोर, सलाइन लागल्यावर, हळूहळू.'

छान विचारलंत शिवशंकर. एवढ्यासाठी त्याने ती सगळी ओळ उडवली होती. रेकॉर्डिंगमध्ये शिवशंकर कोण?

अजिनाथ तापट माणूस. दोरी चुकली हे त्याला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तो कोयत्याने सपकन कापून मोकळा होईल. आणि ते कापणंही जीवनच्याच आवाजाचं फळ असेल. त्याने डॉक्टरांचा नंबर लावला. या वेळी तो कट झाला नाही, कारण बोट कट करण्याच्या जागेवर नेण्याइतकंही भान त्याला नव्हतं.

"बोल जीवन," डॉ. सत्यशीला म्हणाल्या. मागे ओपीडीतला गलका होता.

तो बोलला. कसा बोलला ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. व्हिडिओ, पोल, दोरी, बायनाबाई, सगळं एका दमात.

"घोणस असेल," त्या म्हणाल्या. "नीट ऐक. शिवशंकरांना सांगितलं तेच. दोरी तशीच राहू दे, गाडीत कुणी हात लावायचा नाही. पाय फळीला सैल बांधा, हलू देऊ नका. जोडवी, पैंजण काढा, सूज चढते. दवाखान्यात पोचल्या पोचल्या सांगायचं की आवळून बांधलंय आणि कधी बांधलं. मी तिथल्या डॉक्टरांना आत्ता फोन करते, दवाखान्याचं नाव दे."

"मला माहीत नाही." त्याचा आवाज चिरकला. "नंबरवाल्यांनी सांगितलंय त्यांना."

"मग नंबरवाल्यांना विचार. फोन लाव रे बाबा, लिहीत बसू नको!"

त्याने लावला. अनोळखी माणसाशी, अडखळत, दोनदा तेच सांगत बोलला. दवाखान्याचं नाव मिळालं, ते डॉक्टरांना दिलं. मग पुन्हा बहीण. संपर्क होऊ शकत नाही. त्याने सगळं संदेशात लिहून तिला पाठवलं; पुढे एकच बारीक खूण उमटली. पोचला नव्हता. ट्रॉली कुठल्या तरी उसाच्या भिंतींमधून चालली असेल, जिथं आकाशाची एक पट्टी तेवढी दिसते. बायनाबाई त्या पट्टीकडे पाहत पडली असेल. पाय गार पडत असेल. आणि मंगल अजूनही म्हणत असेल, माझ्या भावाने सांगितलंय, बरोबरच असणार.

मंजुषाताई आल्या तेव्हा तो जमिनीवर बसलेला होता. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत, आणि त्यामुळे त्याला जास्त भीती वाटली.

"ग्रुपवरून पुसता येईल का?"

"आठवडा होऊन गेलाय ताई. 'सगळ्यांसाठी हटवा' हा पर्यायच दिसत नाही आता. आणि फडात नेट नसतं म्हणून आपणच सांगितलं होतं, डाउनलोड करून ठेवा."

"म्हणजे प्रत्येक फोनात बसलाय तो."

"प्रत्येक कोपीत दोरी लटकलीय," जीवन म्हणाला.

ताई खुर्चीत बसल्या. त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "मी फक्त पहिलं आणि शेवटचं पाहिलं. मंजूर मसुदा आणि व्हिडिओ समोरासमोर ठेवून पाहायला हवा होता. ते माझं काम होतं." मग ताठ झाल्या. "ते नंतर. आता दुरुस्ती पाठवायची. डॉक्टर संध्याकाळपर्यंत सुटणार नाहीत. तू बोल."

"मी? माझं आता कोण ऐकेल?"

"तुझंच ऐकलंय त्यांनी. दुसरा कुणी बोलला तर म्हणतील, हा कोण, आपल्या पोरानं वेगळं सांगितलंय. बोल."

त्याने फोन तोंडापाशी धरला. सवयीने मनात वाक्य जुळलं: साप चावल्यास दोरी बांधू नये. कोणत्याही दिवसाचं, कुणाचंही नसलेलं वाक्य. तो थांबला. हे त्या पहिल्या व्हिडिओशेजारी जाऊन बसेल. फोनात दोन जीवन असतील, एक बांधा म्हणणारा, एक बांधू नका म्हणणारा, आणि ऐकणाऱ्याला कसं कळणार नंतरचा कोणता? आजवर तो जे खरवडून काढत आला होता, तेच त्याला आता हवं होतं.

त्याने आधी तारीख सांगितली, वार सांगितला. मग म्हणाला:

"आज सकाळी हे मी बोलतोय, मी जीवन. मागं माझा व्हिडिओ आला, त्यात तारीख न्हाई. त्यो पुसून टाका. त्यात दोरीनं बांधा म्हणलंय, ती माझी चूक हाय, डॉक्टरांची न्हाई. दोरी बांधू नका. कोपीत लटकावली असंल तर आत्ता काढा. पाय हलू देऊ नका आन् दवाखान्यात न्या. ज्यांनी आधीच बांधली असंल त्यांनी झटक्यात सोडू नका, दवाखान्यात डॉक्टरांसमोरच सोडायची. हे ऐकलं की ग्रुपवर लिवा, ऐकलं म्हणून. लिवणार न्हाई त्याला मी फोन करणार."

शेवटचं वाक्य त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. ते म्हटल्यावर त्याला स्वतःचीच धडकी भरली.

संदेश गेला. एकेका ग्रुपमध्ये खुणा दुहेरी होऊ लागल्या. एक अंगठा आला. एका मुकादमाचा आवाज आला, चिडका: "आरं आधी बांधा म्हणता, मंग सोडा म्हणता, यका जागी ऱ्हावा की बे! काढली दोरी. बैलाला बांधली." कुणीतरी हसल्याची चिन्हं टाकली. एका बाईने लिहिलं, 'ऐकलं. लेकरांना पण सांगितलं.' जीवन प्रत्येक उत्तर वाचत होता आणि वाचता वाचता अक्काच्या नावापुढची ती एकटी खूण पाहत होता.

दुपार कलली तेव्हा तिचा फोन आला. त्याने पहिल्या घंटेला उचलून कानाला घट्ट दाबला.

"जीवन? हायस का?"

"अक्का, दोरी..."

"तुझा मेसेज दवाखान्याच्या दारात आला. अजिनाथ कापायाच निघालते, आत्याबाई कळवळत व्हत्या म्हणून. म्या हात धरला. आतून डाक्टर आले, त्यांना आधीच म्हाईत व्हतं, म्हणले हात लावू नका." ती रडली, मग नाक ओढलं. "सलाइन लावून हळूहळू सोडली. इंजेक्शन चालू हाय. पाय लई सुजलाय रे, निळा पडलाय. डाक्टर म्हणतेत दोन दिवस बघू, काय सांगता येत न्हाई."

"माझी चूक होती, अक्का. मी ती ओळ..."

"ते मला अजिनाथनी सांगितलं, तुझं नवं बोलणं ऐकून. लई चिडलेत. तुझ्याशी बोलायचं न्हाई म्हणलेत. मी पण चिडणारंय. पर आज न्हाई. घे, आत्याबाई बोलतेत."

फोनमध्ये श्वास ऐकू आला, जड, दूरचा.

"पोरा," बायनाबाई म्हणाली, "तुझी दोरी लई घट्ट व्हती बाबा."

पलीकडे सलाइनच्या बाटलीची काच कशावर तरी हलकेच वाजली.

"बोल की," म्हातारी म्हणाली. "त्या डबड्यात तर लई बोलत व्हतास. हितं मला ऐकाया बरं वाटंल कायतरी."

"आत्याबाई," तो म्हणाला, "मी उद्याच्या एसटीने येतोय."

"ये. पर दोरी आणू नको."

फोन ठेवला तेव्हा मंजुषाताई समोर उभ्या होत्या. त्याच्या चेहऱ्यावरूनच जेवढं कळायचं तेवढं त्यांना कळलं. खिडकीतलं ऊन टेबलावरच्या पिवळ्या कागदांवर आलं होतं.

त्याने ग्रुप पुन्हा पाहिले. एकाच ग्रुपमध्ये अजून काही उत्तर नव्हतं. बद्रीनाथ मुकादमाची टोळी, नदीपलीकडच्या फडावरची. संदेशापुढे बारीक, एकेरी खूण. तिथंही कोप्या असतील, कोप्यांत दोऱ्या असतील, आणि एखाद्या फोनात त्याचा तो गुळगुळीत, तारीख नसलेला आवाज आत्ता या क्षणी कुणाला तरी समजावत असेल.

घसा पुन्हा कोरडा पडला. जीवनने बद्रीनाथचा नंबर लावला. वाजत राहिला, बंद पडला. त्याने पुन्हा लावला.